पूजेला वेळ होता, धुण्याला नव्हता

बंगळुरूजवळच्या जिगणी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीतून काका निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी कामाचा ताबा देणारी दोन पत्रं लिहिली. पहिलं इंग्रजीत, ठरलेल्या नमुन्यात, तीन सह्यांचं. त्यात सगळी यंत्रं ठणठणीत होती. दुसरं मराठीत, फुलस्केपवर, कारण काका बेळगावचे आणि त्यांच्या जागी आलेली मुलगी सोलापूरची. खरं काय ते दुसऱ्यात होतं.

दुसऱ्या पत्राचा विषय एकच: तीन नंबरचं एचपीएलसी सोमवारीच का रुसतं?

गोळीत औषध किती आणि अशुद्धी किती, हे सांगणारं हे यंत्र. पंप द्रावण ढकलतो, ते बारीक भुकटी ठासून भरलेल्या पोलादी कॉलममधून जातं आणि प्रत्येक घटक आपापल्या ठरलेल्या मिनिटाला बाहेर पडतो. तीन नंबरवर औषधाचा पीक ६.२ मिनिटांना यायचा. सोमवारी तो ६.६ला यायचा आणि प्रेशरचा काटा नाचायचा. मग कुणीतरी पंप पर्ज करायचं, म्हणजे अडकलेली हवा काढून टाकायचं, आणि नोंदवहीत लिहायचं: ‘प्रेशर फ्लक्च्युएशन. पर्ज केलं. ओके.’

‘या ओकेवर विश्वास ठेवू नकोस,’ असं काका लिहितात. ‘हवा असेल तर पर्ज केल्यावर पीक जागेवर यायला हवा. तो आला का, हे एकानेही लिहिलेलं नाही.’

काकांनी मग कुठलंही झाकण न उघडता तपास केला. पंप मिनिटाला १ मिली देतो असं पडद्यावर दिसत होतं. त्यांनी बाहेर पडणारं द्रावण १० मिलीच्या फ्लास्कमध्ये धरलं आणि हातात स्टॉपवॉच घेतलं. दहा मिनिटांत भरायला हवा तो फ्लास्क भरायला दहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. म्हणजे प्रवाह मिनिटाला ०.९४ मिली. ६.२ला ०.९४ने भागा: ६.६. पीक उशिरा येत नव्हता, पंपच कमी देत होता आणि पडदा बिनदिक्कत खोटं बोलत होता. पंपाच्या डोक्याखाली टिश्यू ठेवला तर तो ओला झाला, वर पांढरी पापडी सापडली. सील गळत होतं.

सील बदललं. काही महिन्यांनी पुन्हा गळलं. इथे बहुतेक लोक सील पुरवणाऱ्याला शिव्या घालतात. काका नोंदवह्या घेऊन बसले. सील बदलल्याच्या तारखा कॅलेंडरशेजारी मांडल्या, तर प्रत्येक तारीख कुठल्यातरी जोडून आलेल्या सुट्टीनंतरची: उगादी, राज्योत्सव आणि सगळ्यात ठळक आयुधपूजा. त्या दिवशी कर्नाटकात रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांची पूजा होते. तीन नंबरलाही झेंडूचा हार पडला, कुंकू लागलं, डिटेक्टरवर लिंबू ठेवलं गेलं. पंपाच्या पोटात मात्र फॉस्फेटचा बफर तसाच राहिला. सीलमागे पाझरलेला बफर सुट्टीत वाळला, मिठाचे खडे झाले आणि कामाच्या पहिल्या दिवशी पिस्टन हलला तसे ते खडे सीलला कानशीसारखे घासले.

आता धुतलं का नाही? कारण साधं होतं: कंपनीची बस साडेपाचला सुटते. २५० बाय ४.६ मिलीमीटरच्या कॉलममध्ये साधारण अडीच मिली द्रावण मावतं. त्याच्या दहापट, म्हणजे २५ मिली, आधी नव्वद टक्के पाणी नि दहा टक्के अॅसिटोनायट्राइल असं सोडायचं. मग पाऊणएक अॅसिटोनायट्राइल असलेलं मिश्रण तेवढंच. एकेक धुणं पंचवीस मिनिटांचं. घाई करून थेट निव्वळ अॅसिटोनायट्राइल सोडलं तर फॉस्फेट तिथेच दगडासारखं बसतं. तेव्हा पहिली पंचवीस मिनिटं कुणालाही वाचवता येत नाहीत. बस वाट बघत नाही. एवढ्याशा वेळापत्रकावर वर्षाला तीन सीलं खर्ची पडत होती!

काकांचा उपाय: शनिवारच्या सिक्वेन्सच्या शेवटी दोन्ही धुणी टाकून ठेव, मग पंप बंद होण्याची आज्ञा. यंत्र आपलं आपण धुऊन घेतं, तू बस पकड. मात्र निघण्यापूर्वी बाटल्यांत पुरेसं द्रावण आहे का बघ. कोरडा पंप चालला तर सील सोमवारपर्यंतसुद्धा टिकायचं नाही.

नोंदवहीबद्दल त्यांचं म्हणणं मोजकं आहे. काय दिसलं, कशाला हात लावला, त्यानंतर प्रेशर आणि पीकची वेळ काय आली, एवढं त्याच वेळी लिही. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख, कारण. खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर दिसला की ऑडिटरचे डोळे चमकतात.

ताजा कलम: ‘ड्रॉवरमध्ये दोन सीलं आहेत. तिसरं शेजारच्या लॅबने उसनं नेलंय. मागायला जाशील तेव्हा नोंदवही बरोबर ने, ते नाही म्हणतील. पान ४१वर त्यांची सही आहे.’