ऐनवेळचे विषय नाहीत

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीत नऊ माणसं आहेत आणि सचिव मी आहे. पहिल्या बैठकीला ज्याच्या खिशाला पेन दिसतं तो सचिव होतो, अशी आमची घटना आहे. अध्यक्ष ए-विंगचे काका, खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, आणि सांस्कृतिक कार्यक्रम बी-विंगच्या काकूंकडे. हे खातं त्यांच्याकडे कुणी दिलं ते आठवत नाही, आणि परत मागायची कुणाची छाती नाही.

रविवारी सकाळी दहा ते अकरा अशी बैठक ठरली होती. विषयपत्रिका मी रीतसर पाठवली होती. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, पाच मिनिटं. गेल्या वर्षीचा हिशोब, दहा. वर्गणी, दहा. मूर्ती, पाच. महाप्रसाद, दहा. सांस्कृतिक कार्यक्रम, दहा. टी-शर्टचा रंग, पाच. आणि शेवटी, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, पाच. बेरीज बरोबर साठ. अशी बेरीज जुळली की माणसाला उगाचच आपण कार्यक्षम असल्यासारखं वाटतं.

गुरुवारी कळलं की रविवारी क्लबहाऊसमध्ये कुणाच्या तरी नातवाचं बारसं आहे. शिवाय समितीतल्या निम्म्या लोकांना त्या बारशाचं आमंत्रण होतं. अध्यक्ष म्हणाले, "फोनवरच घेऊन टाका हो. वीस मिनिटांत उरकू." अध्यक्षांना कुठलीही गोष्ट वीस मिनिटांत उरकेल असं वाटतं, कारण उरकायची असते दुसऱ्याला.

पहिला मोह होतो तो प्रत्येक विषयाला कात्री लावण्याचा. दहाचे तीन करा, पाचाचे दीड करा. असं केलं की आठही विषय निघतात आणि एकही संपत नाही. शिवाय वीस मिनिटं ही वीस नसतातच. पहिली तीन "आवाज येतोय का?", "तुमचा येतोय, माझा जातोय का?" आणि एका काकांच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या यांत जातात. शेवटची तीन, कोण काय करणार हे म्हणून दाखवायला राखून ठेवावीच लागतात, नाहीतर सोमवारी प्रत्येकाला वाटतं की ते काम दुसऱ्याकडे आहे. उरली चौदा. चौदा मिनिटांत दोन विषय बसतात. तीन बसवले तर तिसरा लोंबकळतो.

मग कुठले दोन? मी प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारला. हे या रविवारी ठरलं नाही तर पुढच्या रविवारपर्यंत काय बिघडेल?

मूर्तीचं बिघडत होतं. आम्ही शाडूची मूर्ती घेतो. शाडू पावसाळी हवेत सावकाश वाळतो, मूर्ती पुरती वाळल्याशिवाय रंग देता येत नाही, म्हणून मूर्तिकार उशिरा आलेली ऑर्डर घेतच नाही. बुधवारपर्यंत उंची सांगा आणि आगाऊ रक्कम द्या, असं त्याने बजावलं होतं. महाप्रसादाचंही बिघडत होतं. केटररने आमची तारीख मंगळवारपर्यंतच धरून ठेवली होती, आणि त्या दिवसांत केटरर मिळणं हे स्थळ मिळण्यापेक्षा अवघड असतं.

बाकी कशाचंही आठवड्यात काही बिघडत नव्हतं. टी-शर्टच्या रंगाचं तर वर्षभरात काही बिघडलं नसतं. पण गेल्या वर्षी पाच मिनिटांच्या त्या विषयाने अर्धा तास खाल्ला होता. भगवा की मरून, मरून की वाइन, आणि वाइन म्हटल्यावर एका आजोबांनी घेतलेली हरकत. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने 1957 साली हे लिहून ठेवलंय. त्याच्या पुस्तकातली एक काल्पनिक समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि 350 पौंडांच्या सायकल-शेडवर पंचेचाळीस मिनिटं वाद घालते. अणुभट्टीतलं कुणालाच काही कळत नसतं, शेड मात्र सगळ्यांनीच पाहिलेली असते. पार्किन्सनला आमची समिती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मूर्तीच्या वाळण्यातलं आमच्यात एकालाच कळतं, रंगातलं नऊही जणांना.

एक गाठ मात्र यात लपलेली होती. हिशोबाचा विषय वगळला की आगाऊ रक्कम कुठून द्यायची, हा प्रश्न उघडा पडतो. विषय काढताना ही गाठ बघावी लागते, कारण राहिलेल्या विषयाचा धागा बऱ्याचदा काढलेल्या विषयात अडकलेला असतो. मी खजिनदारांना फोन केला.

"काका, गेल्या वर्षीची शिल्लक किती आहे?"

"तसं नाही सांगता येणार. मांडववाल्याचं एक बिल अजून..."

"पंधरा हजारांपेक्षा जास्त आहे का?"

"आहे ना! पण नक्की आकडा..."

नक्की आकडा नकोच होता. पंधरा हजारांत दोन्ही आगाऊ रकमा भागत होत्या. हिशोब पुढे गेला, त्यातलं एक वाक्य तेवढं रविवारसाठी राहिलं.

दुसरा फोन बी-विंगच्या काकूंना. हा नियमच समजा. ज्याचा विषय आपण काढतो त्याला ते ग्रुपवर वाचून कळता कामा नये. ग्रुपवर कळलं की तो अपमान होतो, फोनवर कळलं की नुसती कटकट होते. काकूंनी लेझीमच्या मुलांची यादी, नाटिकेच्या दोन संहिता आणि स्पीकरवाल्याचा दर असं सगळं काढून ठेवलं होतं.

"म्हणजे माझाच विषय नको झाला का तुम्हाला?"

"नको नाही काकू. तुमच्या विषयात नऊ जणांचं काम काय? तुम्ही, लेझीमवाली वहिनी आणि स्पीकरचं बघणारा, तिघं बसा. ठरेल ती यादी ग्रुपवर टाका."

"आणि मग कुणी काही बोललं तर?"

"समितीने तुमच्यावर सोपवलंय, असं मी लिहूनच देतो."

यावर काकू जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "हे गेल्या वर्षीच का नाही केलंत?"

त्यानंतर संदेश. बैठक लहान झाल्याचे संदेश मी ऑफिसात ढिगाने वाचलेत. "काही कारणास्तव उद्याची बैठक वीस मिनिटांची राहील, सर्वांनी सहकार्य करावे." यात सहकार्य म्हणजे काय करायचं ते कुणालाच कळत नाही. प्रत्येकजण आपला विषय आहेच असं धरून येतो आणि आपला नंबर लागत नाही असं दिसलं की दुसऱ्याच्या विषयात घुसवतो. काय वगळलं हे सांगायचंच, पण त्याचं पुढे काय होणार हेही सांगायचं. विषय तारीख लावून पुढे ढकलला, लेखी उरकला, दोघा-तिघांकडे दिला, की कायमचा काढून टाकला? "पुढे बघू" असं लिहिलं की मराठी माणूस बरोबर ओळखतो की आता कुणीच बघणार नाही.

मी पाठवलं ते असं :

"नमस्कार. रविवारची सकाळी दहाची बैठक रद्द नाही. क्लबहाऊसऐवजी फोनवर, 10.00 ते 10.20. दोनच विषय घेऊ. मूर्तीची उंची आणि आगाऊ रक्कम. महाप्रसादाचा दिवस आणि ताटांचा अंदाज. मूर्तिकाराचे आणि केटररचे दर खाली दिलेत, आधी वाचून या. शिल्लक आगाऊ रकमेपुरती आहे, असं खजिनदारांनी सांगितलं आहे.

या वेळी घेत नाही ते : हिशोब आणि वर्गणी पुढच्या रविवारी दहा वाजता क्लबहाऊसमध्ये, हिशोबाचा कागद शुक्रवारी ग्रुपवर येईल. मागचं इतिवृत्त सोबत आहे, हरकत असेल तर शनिवारी रात्री नऊपर्यंत कळवा, नसेल तर कायम धरू. सांस्कृतिक कार्यक्रम काकू आणि इतर दोघं ठरवतील. टी-शर्टचा रंग समिती ठरवणार नाही, तरुण मुलं ठरवतील. ऐनवेळचे विषय नाहीत. यातलं काही रविवारीच घ्यायला हवं असं वाटत असेल तर मला शनिवारी दुपारपर्यंत फोन करा."

शेवटचं वाक्य घालायचं की नाही यावर मी बराच घुटमळलो. पण ते हवंच, कारण एखाद्या विषयामागे आपल्याला ठाऊक नसलेली निकड असू शकते. आणि "ग्रुपवर लिहा" न म्हणता "फोन करा" म्हणायचं, म्हणजे खरोखर निकड असलेलेच फोन करतात.

दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं. "बटाटेवड्यांचं काय?"

विषयपत्रिकेत नसलेला हा विषय निम्म्या समितीचा मुख्य विषय होता, हे मला कळायला हवं होतं. वडे पुढच्या रविवारी, असं लिहिल्यावर आठ अंगठे आले. बाकी संदेशाला तोवर दोन होते.

फोन एकच आला, विसर्जनाच्या हौदाबद्दल. दोन फुटांपेक्षा मोठी मूर्ती गेल्या वर्षी आवारातल्या हौदात पुरती बुडाली नव्हती, हे त्या गृहस्थांना आठवलं होतं. हा माणूस प्रत्यक्ष बैठकीत सहसा बोलत नाही. मी त्याची ती ओळ मूर्तीच्या विषयात घातली, आणि उंचीचा वाद सुरू होण्याआधीच संपला. हौदाशी कोण भांडणार?

रविवारी दहा वाजता सगळे आले. म्हणजे सात जण आले, एकजण बारशाहून बोलत होता आणि त्याच्यामागे पाळणा म्हणत होते. मूर्ती पाच मिनिटांत झाली. महाप्रसादात पुरी की पोळी यावर गाडी अडली तेव्हा मी विचारलं, "मंगळवारी केटररला काय सांगायचं?" त्याला फक्त दिवस आणि ताटं सांगायची होती. पुरी गणपतीपर्यंत केव्हाही लाटता आली असती. दिवस ठरला, ताटं दोनशे धरली. सतराव्या मिनिटाला अध्यक्ष म्हणाले, "बरं, आता वेळ आहेच तर टी-शर्टचं..." आणि बी-विंगच्या काकू, ज्यांचा विषय मी काढला होता, त्याच कडाडल्या, "तो विषय नाहीये!" माझ्या सचिवपदाच्या कारकिर्दीतला हा सर्वोच्च क्षण होता.

कुणी हे वाचून सगळ्याच बैठका वीस मिनिटांच्या करायला निघेल, म्हणून सांगतो. वर्गणी फोनवर होत नाही. लोकांच्या खिशातून पैसे काढायचे तर त्यांना आधी मनातलं काढू द्यावं लागतं. मागच्या वर्षी स्पीकर माझ्याच खिडकीखाली का, भाडेकरूंनी किती द्यायचे, बंद फ्लॅटवाल्यांनी का द्यायचे, हे सगळं बोलून झाल्याशिवाय कुणी आकड्याला हो म्हणत नाही. फोनवर माणूस गप्प बसला तर आपण तो होकार धरतो. पैसे मागायला गेलो की कळतं, तो नकार होता.

पुढच्या रविवारची वर्गणीची बैठक पावणेदोन तास चालली. दोन भांडणं झाली, एकजण उठून गेला आणि वड्यांच्या वासाने परत आला. ती तेवढी चालायलाच हवी होती.