मामाजी, नाव छोटं सांगा!

परसवाड्याची माझी भाची सकाळी अंगणातल्या रांगोळीचा फोटो टाकते आणि संध्याकाळी तोच फोटो कुणीतरी स्वतःच्या नावावर खपवतं. फोटोवर सही हवीच, असं घरात ठरलं. माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला, म्हणून नाव शोधायची कामगिरी माझ्यावर आली.

भावजींनी आधीच 'परसवाडा रंगावली कला निकेतन' सुचवून ठेवलं होतं. ते मावायला रांगोळीच पुसावी लागली असती.

मी ऐटीत 'रंगरेषा' सांगितलं. भाचीने ते फोटोच्या कोपऱ्यात टाकलं. फोटो १०८० पिक्सेल रुंद, अक्षराची उंची ३६. उघडून पाहिलं तर झकास! पण प्रोफाइलवर लोक आधी बघतात ते एका ओळीत तीन मावणारे छोटे चौकोन. तिथे ३६चे १२ पिक्सेल उरतात. अनुस्वार उडाला, 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली आणि 'रगरेपा' उरलं.

'बिंदू'चं 'विदू' झालं. 'भूमी'ची 'मूमी' झाली. 'नथ' घातली, तर 'थ'ची गाठ भरून 'नय' झालं.

"मामाजी, ही सही आहे की बाळाची बडबड?"

मग माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. ब-व, भ-म, घ-ध, ष-प या जोड्यांनी मला आयुष्यभर छळलं. त्यांच्यातला फरक एवढ्याशा रेघेत नाहीतर गाठीत असतो. बारीक आकारात आधी तीच मरते. म्हणजे नाव दोन अक्षरी हवं; अनुस्वार, जोडाक्षर, वरखाली मात्रा नको, आणि रेघ गेल्यावर दुसरंच होईल असं अक्षरही नको. जर्मन चित्रकार ड्यूररने पाचशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं: मोठ्या 'A'च्या पायांत छोटा 'D', संपली सही.

या चाळणीतून 'पान' सुखरूप बाहेर पडलं. 'प'मध्ये बुजायला काही नाही, काना उभा राहतो, 'न' कुणासारखा दिसत नाही.

आता जागा. कोपऱ्यातली सही चोर फोटो कापून घालवतो. म्हणून 'पान' रांगोळीतल्या मोराच्या पिसाऱ्यात बसवलं. ते कापायचं तर मोर लांडा होतो. खाली कुठे गुलाल, कुठे पांढरी रांगोळी, म्हणून अक्षरं पांढरी ठेवून त्यांना बारीक काळी कड दिली. मग फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून भावजींच्या जुन्या फोनवर पाठवला. चष्म्याशिवाय त्यांनी वाचलं, "पान." परीक्षा पास.

चोरी थांबली नाही, पण आता माल सहीसकट फिरतो. परवा भाचीला अनोळखी माणसांचे दोन फोन आले. एकाला लग्नाच्या मांडवात रांगोळी हवी होती. दुसऱ्याने विचारलं, "पानठेला रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो?"