पुरणपोळीनंतरच्या ओट्याचा फोटो : खालची ओळ कशी लिहावी

फोटो काढून झाला आहे आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा आहे, असं गृहीत धरून या सूचना दिल्या आहेत. तोवर ओटा पुसू नये. पुरावा नष्ट झाला की लिहायला काही उरत नाही.

‘पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या’ ही ओळ टाळावी. फोटो बोटांनी मोठा करून पाहणारी एक तरी आत्या प्रत्येक गटात असतेच आणि ती सांभाळून घेत नाही. तिच्याआधी आपणच निदान जाहीर करणं, एवढाच खरा उपाय आहे.

त्यासाठी आधी फोटो वाचायला शिकावं. नवख्यांना गॅसमागच्या टाइल्सवरचे पिवळे शिंतोडे लाजिरवाणे वाटतात. वास्तविक तेच अभिमानाचे. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं आणि आटताना फटफट उडतं. टाइल्स लख्ख असतील तर पुरण आटवलंच नाही, हे उघड आहे. त्यात चमचा उभा राहायला हवा होता. तुमचा आडवा झाला आणि तुम्ही गॅस बंद केलात. ‘चमचा दमला होता’ असं लिहिता येईल, पण आत्या फसणार नाही.

मग पुरणयंत्राकडे वळावं. जाळीवर डाळीचे अख्खे दाणे अडकलेले दिसले, तर गूळ घाईने पडला आहे. गूळ पडल्यावर डाळ मऊ होत नाही, मग हँडल कितीही फिरवा. (हँडल निखळून ओट्यावर पडलेलं असेल तर ते फोटोत ठळक येऊ द्यावं. सहानुभूती मिळते.)

पोळपाटाचा पुरावा जरा गुंतागुंतीचा. कडेने पुरण ओघळलं असेल तर पुरण सैल. पोळी मधेच फाटून पुरण डोकावत असेल तर कणीक घट्ट. ती सैल भिजवून तेल लावून तिंबायची आणि तासभर मुरू द्यायची असते. दोन्ही दिसत असेल तर दोन्ही लिहावं. तव्यावरच्या काळ्या ठिपक्यांना स्पष्टीकरण लागत नाही; जळका गूळ सगळे ओळखतात.

एवढ्या तपासानंतर ओळ आपोआप तयार होते. नमुना असा : ‘पुरण सैल, कणीक घट्ट, तवा भिजत घातलाय. कटाची आमटी मात्र झकास. वाट्या घेऊन या.’

शेवटची दोन वाक्यं लिहिण्याआधी सिंकमध्ये बघून घ्यावं. डाळ चाळणीत उपसताना खाली पातेलं ठेवायला विसरला असाल, तर कट केव्हाच वाहून गेला आहे. तेव्हा ती वाक्यं खोडून ‘दूध-तूप घेऊन या’ असं लिहावं. पोळ्यांचा आकडा कुणी विचारला तर निळ्या खुणा दिसू देऊ नयेत.