नानांचा आग्रह

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून नानांचं घर आहे. माणूस सज्जन, पण यजमान म्हणून भयंकर. त्यांच्याकडे जेवायला बसलं की पानावर आडवा धरलेला हातसुद्धा वरणात भिजतो. रिकामी वाटी त्यांना बघवतच नाही. निवृत्तीनंतर पाहुणे कमी झाले आणि हा सगळा आग्रह जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे वळला.

दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. तिला सहा सेल, प्रत्येकावर पाण्याची पातळी दाखवणारा छोटा तरंगता दांडा, त्याच्या बाजूला खाली लाल आणि वर हिरवी खूण. दर रविवारी आंघोळ करून नाना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन जिन्याखाली उकिडवे बसत. दांडा हिरव्या खुणेला टेकलेला असला तरी, ‘‘उन्हाळा आहे, घे गं थोडं,’’ म्हणत प्रत्येक सेलमध्ये घोटभर ओतत. काकू म्हणत, ‘‘मला कधी एवढ्या प्रेमाने चहा विचारला नाही!’’

यंदा नवतपा लागला, संध्याकाळी अंधड आलं आणि लाइट गोल झाली. नानांचा इन्व्हर्टर पूर्वी चार तास आरामात चालायचा. या वेळी चाळीस मिनिटांत टीं-टीं करून बसला. नाना हातपंख्याने वारा घेत अंगणात आले. ‘‘काय कमी केलं मी हिला?’’ हा त्यांचा प्रश्न. मुलीने सासरी नाव घालवल्यासारखा चेहरा.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला पोरगा आला. बॅटरीची वरची बाजू ओली, चिकट. धन टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशी फुललेली. नाना म्हणाले, ‘‘दमट जागा आहे ना.’’ पोराने टोपण उघडून आत डोकावलं आणि हसू दाबत म्हणाला, ‘‘कका, पानी जादा हो गे हे.’’

नानांच्या आयुष्यात ‘जास्त’ हा शब्द तक्रार म्हणून पहिल्यांदाच आला असावा.

मग पोराने समजावलं ते असं. चार्जिंग होताना सेलमध्ये बुडबुडे येतात आणि पातळी वर चढते. वर जागाच ठेवली नाही तर पाणी एकटं बाहेर येत नाही, आम्लासकट येतं. ते आम्ल टर्मिनलच्या धातूला खातं आणि तिथे ही बुरशी येते. नाना दर रविवारी ओतायचे, दर आठवड्याला थोडं आम्ल बाहेर यायचं, आणि पुढच्या रविवारी त्याची जागा पुन्हा नुसतं पाणी घ्यायचं.

‘‘पण एवढ्याशा बुरशीने बॅटरी कशी उतरेल?’’ नाना वकिली करायला लागले. पोराने दोन पंखे, कूलर, दिवे इन्व्हर्टरवर चालू ठेवले आणि मल्टिमीटरची एक तार टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या क्लॅम्पवर धरली. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य हवा. आला ०.८ व्होल्ट. बॅटरीतून पंचवीस अँपिअर जात होते, म्हणजे वीस वॉट नुसते त्या सांध्यात जळत होते. बोट लावलं तर क्लॅम्प चांगलाच गरम. बॅटरी ११.६ व्होल्ट देत होती, इन्व्हर्टरला पोचत होते १०.८. त्याला वाटलं, संपली. चार्ज करतानाही हाच घोळ. बॅटरी अर्धपोटी असताना इन्व्हर्टर समजायचा की पोट भरत आलं.

पोराने इन्व्हर्टर बंद करून मेन काढला, आधी ऋण तार सोडवली, मग धन. टोपणं घट्ट लावून कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून बुरशीवर टाकला. फसफस झाली. सोड्याचा थेंब आत गेला तर आम्ल मारतो, म्हणून टोपणं आधी. खुंट आणि क्लॅम्प घासून चकचकीत केले, कोरडे केले, धन आधी आणि ऋण शेवटी जोडून नट आवळले. व्हॅसलिन त्यानंतर, वरून. नाना याआधी ते खुंट आणि क्लॅम्पच्या मध्येच चोपडत. पोळीला तूप लावावं तसं.

सांध्यावरचा आकडा ०.०५ वर आला. रात्री लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टर अडीच तास चालला. चार नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरने बघितलं, तर निरोगी सेलला १.२४०च्या आसपास यायला हवं तिथे दोन सेल १.१९०वर होते. वाहून गेलेलं आम्ल फडक्याने पुसून झालं होतं. ते सोड्याने परत येत नाही. आणि घरी बाटलीतून आम्ल ओतायचं नाही, असा दम पोराने जाताना भरला.

आता दोन महिन्यांतून एकदा, बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर नाना दांडे बघतात. दांडा हिरव्या खुणेच्या खाली असला तरच पाणी, तेही खुणेपर्यंतच. मधल्या रविवारी ते नुसते जाऊन बसतात. कॅन काकूंच्या कपाटात आहे आणि किल्ली काकूंच्या कमरेला.