त्रिज्या शून्य

समीकरण देऊन वक्र ओळखायला सांगितला, की आमच्या क्लासातली मुलं त्याच्याकडे जुन्या काळच्या मामांनी स्थळाचा फोटो बघावा तशी बघतात. रंगरूप आवडलं की पसंती, चौकशी नंतर. x² आहे, y² आहे, दोघांचे सहगुणक सारखे, xy चा पत्ता नाही, म्हणजे सर्कल! सीईटीत 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न सोडवायचे आणि चुकल्याचे गुण कापत नाहीत, त्यामुळे चौकशी सहसा राहूनच जाते.

प्रश्न काढणाऱ्यांना ही घाई चांगली ठाऊक असते. म्हणून ते कारस्थान कुठे करतात, तर शेवटच्या, बिचाऱ्या दिसणाऱ्या स्थिरपदात.

x² + y² − 4x + 6y + 13 = 0

पर्याय चार : वर्तुळ, बिंदू, रेषांची जोडी, रिक्त संच. पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, सर्कल."

"त्रिज्या काढ."

"ती विचारलेली नाहीये, सर."

न विचारलेलं काही करायचं नाही, हे शिक्षण मात्र आपल्याकडे पक्कं होतं. तरी काढायला लावली. x आणि y चे पूर्ण वर्ग केले, की (x − 2)² + (y + 3)² = 4 + 9 − 13, म्हणजे शून्य. दोन वर्गांची बेरीज शून्य व्हायची तर दोन्ही वर्ग शून्यच हवेत. म्हणजे (2, −3) हा एकटा बिंदू. केंद्र ऐटीत जागेवर बसलेलं आहे, भोवती परीघ नाही. पुस्तकं त्याला लाडाने बिंदुवर्तुळ म्हणतात खरी, पण पर्यायांत 'बिंदू' छापलेला असताना लाड करू नयेत.

आता 13 च्या जागी 12 लिहा. त्रिज्येचा वर्ग 1 होतो आणि छान गरगरीत वर्तुळ मिळतं. 14 लिहा. उजवीकडे −1 येतो आणि दोन वर्गांची बेरीज ऋण होऊ शकत नाही, म्हणून आलेखाच्या कागदावर काहीच उरत नाही. 12, 13, 14 : वर्तुळ, बिंदू, काहीच नाही. बाकी समीकरण तेच आणि मुलांचं उत्तरही तिन्ही वेळा तेच.

हुशार मुलं इथे सूत्र बाहेर काढतात. ax² + 2hxy + by² + 2gx + 2fy + c = 0 मध्ये h² − ab ऋण असेल तर एलिप्स किंवा वर्तुळ, शून्य असेल तर पॅराबोला, धन असेल तर हायपरबोला. सोबत abc + 2fgh − af² − bg² − ch² हा डेल्टा. तो शून्य आला, की वक्र बिघडलेला : बिंदू, रेषा, असलं काहीतरी. आपल्या तिन्ही समीकरणांचा डेल्टा अनुक्रमे −1, 0 आणि 1 येतो. तेरावाला बरोबर पकडला गेला. पण चौदावाला? त्याचा डेल्टा शून्य नाही, h² − ab ऋण आहे, कागदपत्रं चोख आहेत, फक्त माणूस अस्तित्वात नाही! तिथे डेल्टाचं चिन्हही बघावं लागतं. h² − ab ऋण असताना a आणि डेल्टा यांची चिन्हं सारखी निघाली, तर वक्र काल्पनिक.

गंमत म्हणजे शंकूकडे अशी फसवणूक नाही. पर्गाच्या अपोलोनियसने शांकवांवर आठ खंड लिहिले, तेही समीकरणाशिवाय, निव्वळ शंकू कापून. टोकाला टोक लावलेले दोन शंकू कसेही कापा, प्रतल नेमकं टोकातून गेलं तर बिंदू किंवा रेषा मिळतील, पण हाती रिकामं कधी येत नाही. रिकामपण ही बीजगणिताची देणगी.

x² − y² − 2x + 4y − 3 = 0 हा प्रश्नही तेरावाल्याच्याच जातीचा. वर्गांची चिन्हं विरुद्ध, म्हणून सगळे 'हायपरबोला' म्हणून मोकळे होतात. पूर्ण वर्ग केले तर (x − 1)² − (y − 2)² = 0, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन सरळ रेषा. याउलट xy = 1 मध्ये कुठेच वर्ग दिसत नाही म्हणून मुलं त्याला शांकव मानायलाच तयार नसतात. तो मात्र अस्सल हायपरबोला, फक्त 45 अंश कलंडलेला.

माझा लाडका प्रश्न मी तासाच्या शेवटी ठेवतो.

√((x − 1)² + y²) + √((x + 1)² + y²) = 2

दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज ठरलेली, ही एलिप्सची व्याख्या मुलांना झोपेतही येते. सगळा वर्ग एका सुरात "एलिप्स!" म्हणाला. मी त्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजायला सांगितलं. ते निघालं 2. म्हणजे बेरीज आणि अंतर सारखंच. मधल्या रेषेवरून बाजूला पाऊल टाकलं, की बेरीज 2 च्या वर जाते. उरतो तो (−1, 0) ते (1, 0) हा रेषाखंड. उजवीकडे 4 असता तर एलिप्स होता, 1 असता तर काहीच नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून विचारणा झाली, "सर, पेपरात 'यांपैकी नाही' असा पर्याय असतो का हो?"