कॉलरखालचा झोळ

हिशेबात झोळ असेल तर निदान कुणाची तरी चौकशी होते. ब्लाउजच्या पाठीवर झोळ असेल तर मास्तर एवढंच म्हणतात, "इस्त्री मारा मॅडम, बसेल." खणाच्या त्या चायनीज कॉलरच्या ब्लाउजला मी तीनदा इस्त्री मारली. कॉलरच्या बरोब्बर खाली, पाठीवर आडवी वळी पडायची ती पडतच राहिली. शेवटी मी आणि ताईने ठरवलं, आता घरीच शिवायचं. दोघींची छाती छत्तीस, म्हणून खाकी कागदावर एकच फर्मा काढला आणि मांजरपाटाचे दोन बिनबाह्यांचे नमुने शिवले.

माझ्या नमुन्यात तीच वळी पडली. ताईच्या नमुन्यात वळीचा मागमूस नाही, पण मागचा गळा मानेपासून सुटून उभा. त्यात दोन बोटं सहज जात होती. एका फर्म्यातून दोन उलटी दुखणी निघाली म्हटल्यावर मास्तरांवरचा माझा राग थोडा निवळला.

वळी दिसतेय ना, मग तेवढं कापड कापून टाकू, म्हणून मी मागचा गळा एक सेंटिमीटर खोल केला. वळी थोडी कमी झाली, पण खोल केलेला गळा लांबही होतो हे लक्षात आलं नाही, आणि कॉलर गळ्याला पुरेना. मांजरपाट होतं म्हणून खण वाचला.

ताई म्हणाली, "अगं, आरशासमोर जरा खांदे सैल सोडून उभी राहा." सोडले की! तरी ते होते तिथेच राहिले. शाळेत कवायतीच्या बाईंनी 'सावधान' म्हटलं ते माझ्या खांद्यांनी फारच मनावर घेतलं असावं. फर्मा खांद्याला ठरावीक उतार देतो, माझे खांदे तेवढे उतरत नाहीत. त्यामुळे कापड खांद्याच्या टोकांवर अडकतं, वर ओढलं जातं, आणि मानेजवळ उरलेलं कापड कॉलरखाली गोळा होतं. दोष खांद्याच्या टोकाला आणि तक्रार कॉलरखाली.

खात्री करायला ताईने नवा नमुना मला घातला आणि खांद्याची शिलाई बाहेरच्या टोकापासून मानेकडे उसवत नेली. टोकाला शिलाई फाकली आणि पाठीवरची वळी हात न लावता खाली उतरून सपाट झाली. तशी ती उतरली नसती तर पाठच लांब आहे असं धरून कॉलरखाली आडवी चिमूट घ्यावी लागली असती. टोकाला फट दोन सेंटिमीटरची होती. म्हणजे पुढच्या भागाचा खांदा टोकाला एक सेंटिमीटर वर, मागचाही एक सेंटिमीटर वर, आणि मानेकडे शून्यावर मिळवायचा. गळ्याला हात नाही, म्हणून कॉलर आहे तशीच बसते. मात्र मुंढ्याचा तळही एक सेंटिमीटर वर घ्यावा लागतो, नाहीतर मुंढा मोठा होतो आणि बाही त्याला पुरत नाही. तेवढं मी विसरले नाही, कारण ताई शेजारी बसून आठवण करत होती.

ताईचं कारण वेगळं. दिवसभर संगणकापुढे बसून तिची पाठ मानेखाली गोल झाली आहे. गोलाईवरून जायला कापड जास्त लांब लागतं, ते न मिळाल्याने गळा मागे खेचला जाऊन उघडतो. हात पटकन गळ्याच्या मध्यावर चिमूट घ्यायला जातो. तसं केलं तर गळा मिटतो, पण लांबी कमीच राहते, आणि कॉलर आता मोठी होते. म्हणून आम्ही कागदावर खांद्याच्या हाडांच्या रेषेत पाठीच्या मध्यापासून मुंढ्यापर्यंत आडवी चीर दिली, मुंढ्यापाशी कागद जोडलेला ठेवला आणि मध्यावर एक सेंटिमीटर उघडली. वरचा तुकडा त्यामुळे कलला. मधली रेघ पट्टीने पुन्हा सरळ केली तेव्हा गळा थोडा रुंद झाला, आणि ती वाढीव रुंदी गळ्यातून निघून हाडाकडे जाणाऱ्या एका छोट्या टकमध्ये घेतली. टक मिटून गळ्याची शिलाईची रेघ मोजली तर कॉलर जशीच्या तशी बसत होती. टकची सुरुवात तर कॉलरच्या शिलाईतच लपली.

"म्हणजे पाठ सरळ ठेवली असती तर हा टक वाचला असता," ताई म्हणाली.

"आणि माझ्यासारखी वळी पडली असती."

एका फर्म्याचे आता दोन झाले, त्यांवर आमची नावं लिहून ते दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवले आहेत. खणाचा तो जुना ब्लाउज मात्र सुधारत नाही. खांद्याचं टोक वर न्यायला माया लागते, आणि मास्तरांनी आत अर्धा सेंटिमीटरही ठेवलेली नाही.