बदाम सात: चार ते चौऱ्याहत्तर वयोगटासाठी

आजी, आजोबा, दहा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू यांना जेवणानंतर एकाच सतरंजीवर बसवायचे असल्यास बदाम सात हा डाव घ्यावा. झब्बूत धाकट्याचे रडणे फार लवकर सुरू होते आणि मेंढीकोटात आजोबांचे भागीदाराला शिकवणे संपत नाही. बदाम सातमध्ये दोन्ही आपत्ती थोड्या उशिरा येतात.

बावन्न पाने चौघांत तेरा-तेरा वाटावीत. बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती मांडून सुरुवात करावी. पुढच्याने तिच्या एका बाजूला अठ्ठी किंवा दुसऱ्या बाजूला छक्की लावावी, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती काढावी. काहीच लागत नसेल तर ‘पास’ म्हणावे. पान लागत असताना पास म्हणता येत नाही. हा नियम मुख्यतः आजोबांसाठी आहे.

चार वर्षांच्या हातात तेरा पाने मावत नाहीत. पहिल्या फेरीतच ती सांडतात व सर्वांना दिसतात. तेव्हा न पाहिल्याचे सोंग करणे हा ज्येष्ठांच्या कौशल्याचा भाग होय. पाने पुन्हा सांडू नयेत म्हणून धाकट्याला लिंबूटिंबू ठरवून त्याची पाने आजीच्या मांडीआड उताणी मांडावीत. आकडे कळत नसले तरी बदामाखाली बदाम आणि किलवरखाली किलवर त्याला जुळवता येते. सर्वांची पाने रांगेत लावण्याचे खातेही त्याच्याकडेच द्यावे; हे खाते मिळाल्यावर तो सहसा उठून जात नाही. रांग वाकडी झाल्यास हरकत घेऊ नये.

डावाची खरी गंमत अडवणुकीत आहे. समजा, नातीकडे किलवरचे गुलाम, राणी, राजा अडकले आहेत आणि किलवरची अठ्ठी आजोबांनी दाबून ठेवली आहे. लागणारे दुसरे पान हातात असेपर्यंत हे कायदेशीर आहे. ती पाने संपली की अठ्ठी सोडावीच लागते. त्याऐवजी ‘पास’ ऐकू आले आणि दोन फेऱ्यांनी तीच अठ्ठी त्याच हातातून बाहेर पडली, तर चोरी सिद्ध होते. दहा वर्षांच्या मुलांना हे अचूक आठवते. चष्मा बदलल्याची सबब ग्राह्य धरू नये.

ज्याची पाने आधी संपतील तो जिंकतो. उरलेल्यांचे गुण मोजताना एक्क्याचा एक आणि राजाचे तेरा धरावेत. वरील तीन पाने हातात राहिल्यास नातीवर छत्तीस चढतात. ही बेरीज तिनेच करावी आणि आजीने तपासावी. लिंबूटिंबूचे गुण मोजत नाहीत, पण ही बाब त्याच्यासमोर बोलू नये.

उठण्यापूर्वी पाने मोजावीत. एक्कावन्न भरल्यास आधी धाकट्याला उभे करून तो बसलेली जागा तपासावी. तरीही पान न सापडल्यास जोकरवर बॉलपेनने ‘चौकट चव्वी’ किंवा जे हरवले असेल ते लिहून जोड पुरा करावा.